खोलीभाड्याचा रकाना

> दोन्ही आरोग्य विमा पॉलिसी पाच लाखांच्या, प्रतीक्षा कालावधीही सारखाच. मग स्वस्तातली का नको?

दोन्हींच्या तुलनेच्या तक्त्यात रुग्णालयातल्या खोलीभाड्याच्या मर्यादेचा रकाना वाढवा. स्वस्त पॉलिसीत बहुधा 'विमा रकमेच्या १ टक्का' अशी अट असेल, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत, तर वरचे तीन हजार तर तुमचेच. पण सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं. ते १,६०,००० असेल तर मिळणार १,००,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूला ही कात्री लागत नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयातही नाही, पण तशी कमीच. एजंट हे आपणहून क्वचितच सांगतो. या कपातीला 'प्रपोर्शनेट डिडक्शन' म्हणतात; पॉलिसीच्या मसुद्यात हे शब्द शोधा.