ट्यूबशीट एमएसची, ट्यूबा एसएसच्या: रंग नेमका कशाला लावायचा?

शटडाउनवाला:
एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लांटला मेंटेनन्समध्ये आहे. एका एक्स्चेंजरमध्ये कूलिंग टॉवरचं पाणी ट्यूबच्या आतून जातं. दोन वर्षांपूर्वी एमएसच्या ट्यूबा काढून एसएस ३०४ च्या घातल्या. ट्यूबशीट आणि चॅनेल जुनंच, एमएसचं. परवा उघडलं तर प्रत्येक ट्यूबच्या तोंडाभोवती शीटला दीड-दोन मिमी खोल चर पडलेत. शिवाय ९ ट्यूबा मध्येच कुठेतरी लीक आहेत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, शीट घासून इपॉक्सी मारतो, ट्यूबांना हात लावायची गरज नाही, एसएसला कुठे गंज येतो? पाणी ट्रीटमेंटवाले म्हणतात, गंज मोजायला पाण्यात ठेवलेल्या धातूच्या पट्टीचा, म्हणजे कूपनचा रिपोर्ट २ एमपीवाय आहे, पाण्यात दोष नाही. काय करू? शटडाउन ६ दिवसांचा आहे.

चाकणकर:
हे सरळ गॅल्व्हॅनिक आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि वर पाणी, म्हणजे बॅटरी झाली. उपाय एकच, मधला संबंध तोडा. आम्ही लाइनला फ्लँजवर इन्सुलेशन किट टाकतो. गॅस्केट, बोल्टला स्लीव्ह, वॉशर. चॅनेलच्या फ्लँजला तेच करा.

रेणुका_त:
चाकणकर, निदान बरोबर आहे, पण किट चुकीच्या जागी बसतंय. इथे दोन धातू फ्लँजवर भेटत नाहीत. ट्यूब शीटच्या भोकात रोल करून दाबून बसवलेली असते, तिथेच संबंध आहे आणि तो तोडला तर लीक होईल. (लाइनवरसुद्धा किट टाकल्यावर मल्टिमीटर लावून बघत जा. पाइपचा सपोर्ट किंवा अर्थिंगची पट्टी मागच्या दाराने दोन्ही बाजू जोडून ठेवते आणि किट नुसतं शोभेला राहतं.)

शटडाउनवाला, फक्त शीट रंगवू नका. ऐकायला उलटं वाटेल, पण एकच काही रंगवायचं असेल तर जे गंजत नाही ते रंगवा.

शटडाउनवाला:
रेणुकाताई, हे कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं तर तो हसेल. जरा उलगडून सांगा.

रेणुका_त:
पाण्यातला ऑक्सिजन एसएसच्या पृष्ठभागावर खर्च होतो आणि त्याचं बिल एमएस भरतं. बिल किती येणार हे एसएसचं क्षेत्रफळ ठरवतं. ते किती एमएसमध्ये वाटलं जाणार हे एमएसचं क्षेत्रफळ ठरवतं. आता हिशोब मांडू. तुमच्या एक्स्चेंजरचं माप मला माहीत नाही, म्हणून चॅनेल ५०० मिमी आणि पाऊण इंची २०० ट्यूबा धरते. भोकं वजा जाता शीटचा उघडा एमएस साधारण ०.१४ चौ. मी. उरतो. टॉवरचं पाणी समुद्राच्या पाण्याइतकं चांगलं वाहक नसतं, म्हणून ट्यूबच्या आत फार खोलवर परिणाम पोचत नाही. पहिले १०० मिमी धरले तरी २०० ट्यूबांचा मिळून एक चौ. मी. एसएस होतो. म्हणजे गुणोत्तर सातास एक. म्हणून तुमची शीट तोंडाभोवती सगळीकडे सारखी खाल्ली गेली.

आता शीटला इपॉक्सी मारा. रंगारी कितीही चांगला असो, २०० भोकांच्या २०० कडा आहेत, एक टक्का जागा तरी सुटणारच. उघडा एमएस ०.००१४ चौ. मी. झाला आणि एसएस तेवढाच राहिला. गुणोत्तर सातशेस एक. गंजाचा वेग शंभर पट होतो असं नाही, कारण त्या बारीक जागेतून वीज जायला पाण्याचा रोध आड येतो. पण पूर्वी जे पसरून खाल्लं जात होतं ते आता टाचणीएवढ्या जागेतून आत घुसतं.

भट्टीकाका:
ताईंशी सहमत, अनुभव माझाही तोच. दोन जुळे एक्स्चेंजर होते. एकाच्या शीटला इपॉक्सी, दुसरा वेळ नव्हता म्हणून तसाच राहिला. आठ महिन्यांनी उघडले. तशाच राहिलेल्यात सगळीकडे मिमीभर गंज. रंगवलेला लांबून नवा कोरा, जवळ गेलो तर सहा ठिकाणी पेन्सिल जाईल असे खड्डे. एक गॅस्केटच्या बैठकीला लागून होता, तो खरा महागात पडला.

पण मुळात ही खिचडी केलीच का? चाळीस वर्षांत मी एकच शिकलो, सगळं एमएस ठेवा आणि पाणी नीट सांभाळा. एमएस सांगून गंजतं. एसएस वरून चकाचक दिसतं आणि एका रात्रीत भोक पाडतं.

शटडाउनवाला:
काका, एमएसच्या ट्यूबा चार वर्षं टिकल्या होत्या. पण शेल साइडला आमचा प्रॉडक्ट आहे आणि त्यात लोह उतरून रंग बदलायचा. क्वालिटीवाले अडून बसले म्हणून एसएस. तो रस्ता बंद आहे.

भट्टीकाका:
मग हे आधी सांगायचं की राव.

नाना_पुणेकर:
आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसच्या एसीलाही हेच झालं. चिलरच्या कंडेन्सरला तांब्याच्या ट्यूबा, पुढची लाइन जीआय. पाच वर्षांत जीआयला भोकं. मी मेकॅनिकला म्हटलं गॅल्व्हॅनिक. तो म्हणाला, मध्ये रबरी जोड आहे, धातू टेकतच नाहीत. मग कसं झालं?

रेणुका_त:
नानासाहेब, प्रश्न वेगळा आहे पण छान आहे. टेकायची गरजच पडली नाही. तांबं पाण्यात थोडं थोडं विरघळतं, प्रवाहाबरोबर पुढे जातं आणि लोखंडावर बारीक ठिपक्यांनी बसतं. प्रत्येक ठिपका ही एक छोटी बॅटरी, आणि शेजारी खड्डा. लाइनचा कापलेला तुकडा असेल तर गंजाखाली तांबूस चमक दिसते का बघा. तांबं झाकणारं अ‍ॅझोल प्रकारचं औषध पाण्यात सतत एक-दोन पीपीएम राखावं लागतं, आणि हायपो जास्त झालं की ते आधी मरतं.

पाणीवाला:
मी याच धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. दर वेळी ट्रीटमेंटवाल्याच्या माथी मारायची सवय झालीय. २ एमपीवाय म्हणजे वर्षाला ०.०५ मिमी. पाणी खराब असतं तर कूपनवर दिसलं असतं. मेकअपचा क्लोराइड किती आहे ते सांगा.

शटडाउनवाला:
बोअरचं पाणी, क्लोराइड ९० पीपीएम. सायकल ५ वर चालवतो, म्हणजे टॉवरमध्ये ४५० च्या आसपास.

पाणीवाला:
मग काय बिघडलं? ३०४ ला ४५० वर वर्षानुवर्षं चाललेले प्लांट मी दाखवतो.

रेणुका_त:
दाखवाल, मीही पाहिलेत. ३०४ साठी २०० पीपीएमचा ठोकताळा सांगतात, पण नुसता आकडा काहीच सांगत नाही. ट्यूब स्वच्छ, पाणी दीड मीटर सेकंदाने वाहतंय आणि धातू थंड आहे, तर ४५० चालून जातं. गाळ बसला की त्याखाली ऑक्सिजन पोचत नाही, एसएसवरचा संरक्षक थर तिथे दुरुस्त होत नाही आणि क्लोराइड आत साठत जातो. त्या खड्ड्यातलं पाणी टॉवरच्या पाण्यासारखं उरतच नाही, आंबट होतं.

आणि कूपनबद्दल. ६० दिवसांत २ एमपीवाय म्हणजे नेहमीच्या मापाच्या एमएस कूपनचं वजन दीडशे मिलिग्रॅमच्या आत-बाहेर घटतं. एक मिमी रुंद, एक मिमी खोल खड्ड्याचं वजन किती? सहा मिलिग्रॅम. एक कूपन एसएसचंही लावलंत तरी ते रॅकमध्ये गार, वाहत्या पाण्यात बसलेलं असतं. गाळाखालच्या गरम ट्यूबची हकिकत त्याला कशी कळणार?

शटडाउनवाला, लीक ट्यूबांपैकी एक काढून उभी चिरा. भोकं तळाच्या बाजूला ओळीने आहेत का? तोंड बारीक आणि आत पोकळी मोठी आहे का?

शटडाउनवाला:
काल चिरली. अगदी तसंच. तळाला, मातकट पपडीखाली. वरच्या अर्ध्या भागात एकही नाही. थंडीत प्रॉडक्ट फार गार होतो म्हणून ऑपरेटर पाण्याचा व्हॉल्व्ह आवळतात. आणि गेल्या पावसाळ्यात २० दिवस प्लांट बंद होता, तेव्हा पाणी आतच होतं.

भट्टीकाका:
सापडला चोर. वीस दिवस साचलेलं पाणी! बंद ठेवायचं तर पूर्ण काढून हवा मारून कोरडं करायचं, नाहीतर रोज पंप फिरवायचा. मधलं काही नाही.

पाणीवाला:
हे मान्य. व्हॉल्व्ह आवळला हे आम्हाला कुणी सांगत नाही. पण मग दोष पाण्याचा नाही, चालवण्याचा आहे, हे माझंच म्हणणं झालं.

रेणुका_त:
अर्धं. ४५० ऐवजी २०० असता तर तीच चूक कदाचित खपून गेली असती. आणि लक्षात घ्या, हे दोन वेगळे आजार आहेत. मधल्या भोकांना शीटचा एमएस जबाबदार नाही. उलट तोंडाजवळच्या एसएसला शीट स्वतः झिजून सांभाळत होती.

६ दिवसांत करण्यासारखं: चराची खोली पिट गेजने मोजून नोंदवा. शीट ४० मिमीच्या आसपास जाड असेल आणि रोल केलेली लांबी शाबूत असेल तर दोन मिमीने घाबरायचं कारण नाही. गॅस्केटची बैठक आणि पार्टिशनची खाच मात्र बारकाईने बघा. मग ब्लास्टिंग करून सॉल्व्हंट नसलेलं जाड इपॉक्सी, शीटवर आणि प्रत्येक ट्यूबच्या आत ७५ ते १०० मिमीपर्यंत. ट्यूबचं तोंड झाकलं गेलं की बिलच कमी येतं, शीटवर एखादी जागा सुटली तरी. चॅनेलच्या कव्हरला आतून एमएसऐवजी झिजायला जस्ताच्या चार वड्या, बोल्टने घट्ट, धातूला धातू लागेल अशा. जस्त थंड बाजूला चालतं. पाणी साठ अंशांच्या वर जाणार असेल तर ते भरवशाचं नाही.

चाकणकर:
अ‍ॅल्युमिनियमच्या वड्या हलक्या आणि जास्त टिकतात ना? जहाजांना त्याच लावतात.

रेणुका_त:
समुद्रात. गोड्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमवर थर बसतो आणि ते झोपतं.

भट्टीकाका:
आणि रंगाऱ्यावर नजर ठेवा. आमच्याकडे एकदा त्याने वड्यांनाही मन लावून इपॉक्सी मारलं होतं. दोन वर्षांनी वड्या जशाच्या तशा. साहेब खूश, म्हणे बघा, गंजच नाही!

पाणीवाला:
सायकल ५ वरून ३ वर आणा, क्लोराइड २७० वर येईल. पण ब्लोडाउन दुप्पट होईल आणि ईटीपीवाला तुमच्या नावाने बोटं मोडेल. त्यापेक्षा पुढच्या वेळी ट्यूबा ३१६एलच्या घ्या.

रेणुका_त:
गाळ आणि साचलेलं पाणी तसंच राहिलं तर ३१६एलही तिथेच फुटेल, थोडी उशिरा.

शटडाउनवाला:
९ ट्यूबा प्लग करतोय. इपॉक्सी दोन्हीकडे आणि जस्त, हे ठरलं. कॉन्ट्रॅक्टर २०० तोंडांचे वेगळे पैसे मागतोय. व्हॉल्व्ह न आवळता प्रॉडक्टचं तापमान कसं धरायचं, यावर प्रॉसेसवाल्यांशी उद्या भांडण आहे. बायपास त्यांच्या बाजूला टाका म्हणतोय, ते म्हणतात बजेट नाही. सायकल ३ की ३१६एल, ते अजून कुणाच्याच गळी उतरलेलं नाही.