नदीची कडी

"पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तरी भलत्याच लेखाशी जुळतं कसं?"

माझ्या भाचीचं, फोंड्याला, हेच झालं. खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, आणि त्या बांधातलं पाण्याचं दार, म्हणजे मानस, यांवरचा उतारा वाचून तिने लिहिलं: 'भरती आली की पाण्याच्याच रेट्याने मानशीचं दार मिटतं, नदी स्वतःच कडी लावते.' सरांनी दिवाळी अंकातला लेख पुढे ठेवला. कडी तिथलीच! पोर रडवेली झाली. घरी अंक सापडला, त्या पानावर तिच्याच चहाचा डाग. वाक्य डोक्यात राहतं, ते कुठे वाचलं हे पुसलं जातं. पण उताऱ्यात कडी नव्हतीच. मुळात नसलेली उपमा इतकी आयती सुचली, तिथेच थांबून जुनं वाचन चाळायला हवं होतं. मग तिने उपमा अवतरणात घालून लेखाचं नाव दिलं.