प्लॉट विकून फ्लॅट : नफा गुंतवला तरी टॅक्स का?

> "एनए प्लॉट ८० लाखाला विकला, खरेदी २० ची. नफ्यातले ४० लाख फ्लॅटमध्ये टाकले तर फक्त २० लाखावरच टॅक्स ना?"

नाही हो, इथेच बरेच जण फसतात. घर विकून घर घेतलं तर कलम ५४ लागतं, त्यात नफा गुंतवला की पुरतं, पण प्लॉट विकला की ५४एफ, आणि तिथे विक्रीची सगळी रक्कम मोजतात. तुम्ही ८० पैकी ४० लाख टाकताय म्हणजे निम्मे, म्हणून ६० लाखाच्या नफ्यातली निम्मीच, ३० लाखाची सूट. उरलेल्या ३० वर साडेबारा टक्क्याने पावणेचार लाख, वर सेस.

म्हणूनच लोक झेपत नसलेला ८० लाखाचा फ्लॅट घेतात, गरज टू बीएचकेची असली तरी! मला हे बघवत नाही. त्यापेक्षा ४० चाच घ्या आणि उरलेल्या नफ्याचे ३० लाख विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत आरईसी किंवा पीएफसी या सरकारी कंपन्यांच्या ५४ईसी बॉन्डमध्ये टाका, मर्यादा ५० लाखाची आहे. टॅक्स शून्य, १० लाख हातात मोकळे. पाच वर्षं पैसे अडकतात आणि व्याजावर टॅक्स लागतो, तेवढं धरून चाला.

आणि विक्रीच्या दिवशी नावावर एकापेक्षा जास्त घरं असतील तर ५४एफ मिळतच नाही, ते आधी बघा.