गढीचा एक बुरूज आणि तीन पुरावे: संदर्भ एकाच साच्यात बसवायचे का?

चौकट
बीड जिल्ह्यातल्या एका गढीवर पेपर लिहितेय. ईशान्येचा बुरूज कधी पडला हा मुद्दा आहे. माझ्याकडे तीनच गोष्टी आहेत. गावठाणाचा उर्दू नकाशा, फसली १३३८, त्यात चारही बुरूज दिसतात. घरच्या अल्बममधला एक फोटो, त्यात तो बुरूज उभा आहे आणि मागे ‘१९५२’ लिहिलंय. तिसरी, गढीतल्या ८४ वर्षांच्या आजींची मुलाखत. त्या म्हणतात, बुरूज रझाकारांच्या वेळी पडला. सर म्हणतात, संदर्भ सगळे एकसारखे करा. नकाशा, फोटो आणि आजी यांना एकच साचा कसा लावू?

काटकोन
सरळ आहे. एपीए संदर्भशैली घ्या आणि शेवटपर्यंत तीच पाळा. कर्ता, वर्ष, शीर्षक, स्रोत. नकाशाला फसलीत ५९० मिळवून १९२८ टाका, फोटोला १९५२. आजींना वगळा. एपीएत खासगी संभाषण संदर्भयादीत घेतच नाहीत, आणि ऐकीव गोष्टीवर तारीख ठरवणं बरं नव्हे. गावचा नकाशा नको वाटला तर एक इंच एक मैलाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा वापरा, त्यावर साल स्वच्छ छापलेलं असतं.

जुनीवही
काटकोन, यादीत नको म्हणजे पेपरात नको असं नाही. एपीएत खासगी संभाषण मजकुरातच, नाव आणि तारखेसह द्यायचं असतं. वाचकाला ते कुठे जाऊन तपासता येत नाही, एवढ्यासाठी यादीत नसतं. ध्वनिमुद्रण एखाद्या ग्रंथालयात जमा केलं की तेही यादीत जातं.

एक इंची नकाशाचंही तसंच. त्याचं प्रमाण १:६३,३६०. कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर जवळपास ३२ मीटर. सात-आठ मीटरचा बुरूज तिथे दिसणारच नाही, दिसली तर गढीची खूण दिसेल. साल स्वच्छ आहे म्हणून ज्या प्रश्नाला तो नकाशा उत्तर देऊ शकत नाही त्यासाठी तो लावायचा?

चौकट, साचा एकच हवा हे तुमच्या सरांचं बरोबर आहे. पण त्यात ‘वर्ष’ नावाचा एकच रकाना ठेवलात तर घात होईल. वस्तू बनली कधी, हातातली प्रत निघाली कधी आणि हे साल सांगतंय कोण, असे तीन प्रश्न प्रत्येक पुराव्याला त्याच क्रमाने विचारा. ‘१९५२’ कशाने लिहिलंय, शाईने की बॉलपेनने?

मोजणीवाला
मी मोजणी खात्यातून निवृत्त. नकाशा हवा असेल तर अर्ज करून नक्कल फी भरायची, मिळतो. वारसाहक्काचं काम असेल तर खासरा पत्रकाचीही नक्कल घ्या, आमच्या भावकीत त्यावरच निकाल लागला. धाकट्याने नुसता नकाशा दाखवला होता, त्यावरचं साल नक्कल काढल्याचं निघालं आणि त्याची बाजू पडली.

चौकट
काका, वाटणीचं काम नाही हो, पेपर आहे 😅 पण तुम्ही म्हणालात म्हणून नकाशा पुन्हा काढून पाहिला. फसली १३३८ हे खालच्या कोपऱ्यात, ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ या अर्थाच्या ओळीला जोडून आहे! मूळ मोजणीचं साल वर असावं, तिथे घडीवर कागद विरलाय. आणि १९५२ निळ्या बॉलपेनने आहे.

जुनीवही
मग नकाशा फसली १३३८ चा नाही, त्याची नक्कल त्या सालची. मूळ त्याआधीचं. चार बुरूज कुठल्याशा आधीच्या मोजणीच्या वेळी होते, एवढंच तो सांगतो. नक्कल काढणारा गढी बघायला जात नसतो, समोरचा कागद उतरवतो.

आणि नुसते ५९० मिळवू नका. हैदराबादचं फसली साल त्या काळी आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होत असे. १३३८ म्हणजे ऑक्टोबर १९२८ ते ऑक्टोबर १९२९. महिना माहीत नसेल तर १९२८-२९ असंच लिहा, आणि फसली आकडा काढून टाकू नका. तुमचं गणित चुकलं असेल तर वाचकाला तिथूनच कळतं.

बॉलपेनचं लिखाण बहुधा नंतर कुणीतरी अंदाजाने केलेलं. १९५२ साली आपल्या खेड्यात बॉलपेन कुणाकडे होतं? फोटोत माणसं कोण आहेत?

चौकट
पायरीवर चार-पाच वर्षांचं लेकरू उभं आहे. आजी म्हणतात ते त्यांचे यजमान, त्यांचा जन्म १९३५ च्या आसपासचा. पण धाकटे दीर म्हणतात, तो मीच! ते दहा वर्षांनी लहान.

परळीकर
आमच्याकडे हेच झालं. आत्याने वाड्याबद्दल भरभरून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, माझं नाव घालू नको, भावकीत भांडणं लागतील. मी ‘गावातील एक वृद्धा’ लिहिलं. परीक्षकाने विचारलं, ही कोण, हिने पाहिलं की ऐकलं? मला उत्तर देता आलं नाही. रेकॉर्डिंग होतं, पण हा प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता.

जुनीवही
परळीकर, तोच तर प्रश्न. चौकट, आजींचं वाक्य जसंच्या तसं द्याल?

चौकट
“म्या लगीन होऊन आले तवा तिथं नुसता ढिगारा व्हता. रझाकाराच्या टायमाला पडला, असं मामंजी म्हणायचे.” लग्न बहुतेक १९५६-५७ चं.

जुनीवही
बघा, एका वाक्यात दोन साक्षी आहेत. ढिगारा डोळ्यांनी पाहिलेला, रझाकार सासऱ्यांकडून ऐकलेला. दोन्हींची टीप वेगळी हवी. माझ्या हातून ती अशी होईल: ‘मुलाखत, गढीतील सून, वय ८४, मुलाखतीची तारीख, गाव, ध्वनिमुद्रण लेखिकेकडे. ढिगारा: स्वतः पाहिलेला, सु. १९५६-५७. पडण्याचा काळ: सासऱ्यांकडून ऐकलेला.’ फोटोचीही त्याच क्रमाने: ‘छायाचित्र, छायाचित्रकार अज्ञात, गढीच्या मालकांचा खाजगी संग्रह. मागे नंतरच्या हाताने १९५२. मुलाच्या ओळखीवरून सु. १९४० किंवा सु. १९५०, घरात मतभेद.’

काटकोन
ही टीप आहे की निबंध? असल्या चार टिपांत माझ्या एका पेपराचं अर्धं पान गेलं आणि संपादकाने परत पाठवला. चर्चा मजकुरात करा, टीप एका ओळीची ठेवा.

जुनीवही
शब्दमर्यादा असेल तर मान्य. मग मजकुरात एक परिच्छेद घाला आणि टिपेत ‘नक्कल’, ‘नंतरच्या हाताने’, ‘ऐकीव’ हे शब्द राहू द्या. ते गाळले की तिन्ही पुरावे सारख्याच वजनाचे दिसायला लागतात. तुम्हाला एकसारखेपणा दिसण्यात हवा आहे, मला विचारण्यात.

मोजणीवाला
मधेच बोलतो. विरलेल्या घडीच्या मागून टॉर्च धरा आणि तिरक्या उजेडात फोटो काढा. उर्दू आकडे उमटतात कधीकधी. आम्ही कचेरीत असंच वाचायचो.

काटकोन
मग निष्कर्ष काय? बुरूज रझाकारांनी पाडला की नाही?

चौकट
पाडला असं आजीही म्हणत नाहीत, ‘पडला’ म्हणतात. मातीचा बुरूज आहे, एखाद्या पावसाळ्यातही गेला असेल. यजमानांचा फोटो धरला तर सु. १९४० ते १९५६-५७ मधे पडला, दिरांचा धरला तर सु. १९५० नंतर, म्हणजे मामंजींचं म्हणणंच बसत नाही. शनिवारी टॉर्च घेऊन बसते. आणि दिरांना त्यांच्या लहानपणीचा दुसरा एखादा फोटो मागते. आजींचं नाव घालू का, हे विचारायचं राहिलंय. वरच्या टिपेत ‘सून’ लिहिलंत, पण त्या घरात सुना तीन आहेत.