शब्दचर्चा: ‘अवाजवी शिक्षा’ की ‘धक्का बसावा इतकी विषम शिक्षा’?

रेवा: कामगार न्यायालयाच्या एका निकालाचं मराठी करते आहे. ‘शॉकिंगली डिस्प्रपोर्शनेट’ला ‘अवाजवी शिक्षा’ लिहिलं तर चालेल का? ‘धक्कादायक’ म्हटलं की बातमीचा मथळा वाटतो.

तळटीप: ‘अवाजवी’ने निकालाचा अर्थच पातळ होईल. महाराष्ट्राच्या १९७१च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात, चौथ्या अनुसूचीतल्या पहिल्या बाबीच्या ‘जी’ खंडात (वकील त्याला ‘वन जी’ म्हणतात), तीन गोष्टी जोडून आल्या आहेत. गैरवर्तन किरकोळ किंवा निव्वळ तांत्रिक असावं. मालकाने त्याचं स्वरूप किंवा कामगाराची मागची नोकरी विचारात घेतलेली नसावी. आणि त्यामुळे शिक्षा धक्का बसावा इतकी विषम ठरावी. ‘जरा कडकच झाली’ एवढ्यावर वन जी लागत नाही. ‘धक्का बसावा इतकी विषम’ असंच ठेवा, मथळ्याचा वास येणार नाही.

एचआर_चाकण: एवढा कीस कशाला? कलम ११अ आल्यापासून न्यायालय शिक्षा कमी करतंच. आणि आम्ही बडतर्फीच्या आदेशात ‘मागील रेकॉर्ड पाहिले’ असं वाक्य टाकतो, म्हणजे आदेश टिकतो.

तळटीप: दोन्ही अर्धवट. ११अ केंद्राच्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातलं, डिसेंबर १९७१पासून लागू झालेलं. त्याने लवादाला शिक्षा स्वतः तोलायचा अधिकार दिला, पण कारण द्यावंच लागतं. नुसत्या दयेवर केलेली कपात वर टिकत नाही.

रेकॉर्डचं म्हणाल तर ते वाक्य आदेशात टाकून भागत नाही. शिक्षा मागच्या प्रकरणांवर उभी करायची असेल, तर ती कारणे दाखवा नोटिशीत तारखांसकट लिहून कामगाराला उत्तराची संधी द्यावी लागते. सरकारी नोकराबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९६३च्या मंचे गौडा निकालात सांगितलंय. हे पाहायला आदेश आणि नोटीस शेजारी ठेवून वाचा. आदेशात तीन जुने मेमो आणि नोटिशीत एकही नाही, असं दिसलं की कामगाराच्या वकिलाचं अर्धं काम झालं. मात्र आताचं गैरवर्तन एकट्यानेच पुरेसं गंभीर असेल, तर त्या चुकीने आदेश पडेलच असं नाही.

रेवा: मोजायचं कसं, एखादं उदाहरण?

तळटीप: पुण्याच्या भारत फोर्जचं घ्या. एक हेल्पर ऑगस्ट १९८३मध्ये सकाळी ११.४०ला कामाच्या जागीच लोखंडी प्लेटवर झोपलेला सापडला. नुसती डुलकी म्हटली तर बडतर्फी जड वाटते, आणि कामगार न्यायालयालाही तशीच वाटली: कामावर परत घ्या, मागचा निम्मा पगार द्या. पण याआधी तीनदा तो दोषी ठरून हलक्या शिक्षेवर सुटला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये बडतर्फी कायम केली. तीच डुलकी स्वच्छ नोकरीतली पहिलीच असती, तर निकाल उलट लागायला वाव होता.

दुसरं टोक म्हणजे पैशाचा अपहार. कर्नाटक एसटीच्या एका कंडक्टरकडे हिशेबाबाहेरचे ९३ रुपये सापडले. ‘एवढ्याशासाठी नोकरी?’ हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. तिथे रक्कम मोजत नाहीत, विश्वास गेला की नाही ते पाहतात.

मास्तर_सातारा: मी जिल्हा परिषदेत आहे. गैरहजेरीसाठी बडतर्फ केलंय, तर या वन जीखाली जाऊ का?

तळटीप: तो रस्ता कामगाराचा. शिक्षकाला साधारणपणे ‘कामगार’ धरत नाहीत. तुम्हाला आधी खात्याचं अपील, मग उच्च न्यायालय. तिथे कसोटी न्यायबुद्धीला धक्का बसण्याची आहे, आणि धक्का बसला तरी न्यायालय बहुधा प्रकरण ‘शिक्षेचा फेरविचार करा’ म्हणून खात्याकडेच परत पाठवतं. १९९५चा चतुर्वेदी निकाल वाचा. नेमके दिवस, रजेचे अर्ज आणि डॉक्टरचे कागद हाताशी ठेवा.

एचआर_चाकण: बरं, पण मधली शिक्षा कुठे आहे? आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांच्या सरकारी नमुन्यात, ताकीद, दंड, फार तर चार दिवसांचं निलंबन, आणि त्यानंतर थेट बडतर्फी. आठवडाभराच्या निलंबनाची चूक असेल तर आम्ही करायचं काय?

तळटीप: हे मात्र खरं दुखणं आहे. कंपनीच्या प्रमाणित स्थायी आदेशांत वेतनवाढ रोखण्यासारखी पायरी असेल तर ती वापरा. नसेल तर न्यायालयच ती पायरी घडवतं: कामावर घ्या, पण मागचा पगार नाही किंवा निम्माच. म्हणजे मधल्या काळाचा बुडालेला पगार हीच शिक्षा.

रेवा: मग मागचा पगार नाकारणं ‘शिक्षा’ म्हणायचं की ‘सवलतीची अट’?

तळटीप: निकालात दोन्ही सापडतं. तुमच्या निकालात न्यायाधीशांनी काय शब्द वापरलाय ते आधी सांगा.

एचआर_चाकण: आमच्याकडे तर याला ‘तडजोड’ म्हणतात.

तळटीप: ते निकालात लिहू नका. तडजोडीला दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात.