मदत हवी आहे: L* मध्ये तेच काउंटरएक्झाम्पल परत परत येतंय, टेबल पुढेच सरकत नाही

बेळगाव_सातवं_सेम:
नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट आहे. आमच्याकडे गावोगावी शुद्ध पाण्याची युनिट्स आहेत ना, तसल्या एका युनिटचा छोटा सिम्युलेटर पायथॉनमध्ये लिहिलाय. दोनच इनपुट: `t` म्हणजे टोकन टाकलं, `r` म्हणजे रद्दचं बटण दाबलं. तिसरं टोकन पडलं की कॅन भरतो आणि मोजणी परत शून्यावर. रद्द दाबलं तरी शून्यावर. मोजणी शून्य असली की हिरवा दिवा लागलेला असतो. दिवा लागलाय का, हेच मेंबरशिप क्वेरीचं उत्तर: 1 किंवा 0. आतला कोड न बघता, नुसते प्रश्न विचारून L* ने याचा सगळ्यांत लहान डीएफए शोधायचा आहे.

पहिला अंदाज दोन स्टेटचा येतो. तो बरोबर आहे का, या इक्विव्हॅलन्स क्वेरीला उत्तर मिळतं `ttt`, म्हणजे या शब्दावर अंदाज चुकतो. ते टेबलमध्ये टाकतो, परत अंदाज बांधतो, परत `ttt`. रात्रभर चालू ठेवलं तरी तेच. क्लोज्ड आहे का, कन्सिस्टंट आहे का, दोन्ही तपासण्या लिहिल्यात. सध्याचं टेबल असं, रेघेखाली एक अक्षर जोडून झालेल्या ओळी:

```
        ε
ε       1
t       0
ttt     1
---------
r       1
tt      0
tr      1
tttt    0
tttr    1
```

पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू आहे, कुणी बघेल का?

चिकोडीकर:
कन्सिस्टन्सीची तपासणीच चुकलेली असणार. दोन ओळी सारख्या दिसतात, पण पुढे एक अक्षर लावलं की वेगळ्या होतात, अशी जोडी सापडली की नवा कॉलम घालायचा. तुझा कोड ती जोडी पकडत नाहीये, म्हणून टेबल एका कॉलमवर अडकलंय. तेवढं फंक्शन टाक इथे, बघतो.

निपाणी_पाणी:
आमच्या गल्लीतलं युनिट आधी बघा म्हणावं. टोकन टाकलं तरी कधी घेतं, कधी घेत नाही. लाइट गेली की पैसे गेलेच. तक्रार करून करून थकलो. दुरुस्तीचं काय असलं तर सांगा.

बेळगाव_सातवं_सेम:
@निपाणी_पाणी काका, हा सिम्युलेटर आहे, खरं मशीन नाही.
@चिकोडीकर दादा, हे बघा, तपासणी ठीक वाटते:

```python
def find_inconsistent():
    for u in S:
        for v in S:
            if u != v and row(u) == row(v):
                for x in "tr":
                    if row(u+x) != row(v+x):
                        return u, v, x
```

उद्यमबाग_टेस्टिंग:
तपासणी बरोबर आहे. चिकोडीकर म्हणतात ते अर्धं खरं: नवा कॉलम तिथूनच यायला हवा. पण या टेबलमध्ये तशी जोडी दिसायची सोयच नाही. हातानेच करून बघ. वरच्या भागात सारख्या ओळी फक्त `ε` आणि `ttt`, दोन्ही 1. `ε` ला `t` लावला की 0, `ttt` ला लावला तरी 0. `r` लावला की दोन्हीकडे 1. म्हणजे टेबल कन्सिस्टंट आहे. `tt` ची ओळ 0 आहे आणि तशी ओळ वर `t` ची आहेच, त्यामुळे क्लोज्डही आहे. मग अंदाज तोच येणार, दुसरं काय होणार?

गोम `tt` मध्ये आहे. तू काउंटरएक्झाम्पल टाकताना `ttt` एकटाच वर घेतलास. अँग्लुइनच्या 1987 च्या मूळ पद्धतीत त्याचे सगळे प्रीफिक्स वर जातात, कारण वरचा भाग नेहमी प्रीफिक्स-क्लोज्ड राहिला पाहिजे:

```python
for i in range(1, len(w) + 1):
    S.add(w[:i])
```

आता `tt` वर आला. `t` आणि `tt` दोघांची ओळ 0. पण `t` ला `t` लावला तर `tt`, उत्तर 0. `tt` ला `t` लावला तर `ttt`, उत्तर 1. ही बघ तुझी विसंगत जोडी. फरक दाखवणारं अक्षर `t`, म्हणून `t` चा कॉलम वाढतो:

```
        ε  t
ε       1  0
t       0  0
tt      0  1
ttt     1  0
```

खालच्या `r`, `tr`, `ttr`, `tttr` सगळ्या `1 0`, आणि `tttt` म्हणजे `0 0`. वेगळ्या ओळी तीन, म्हणून स्टेट तीन. पुढच्या इक्विव्हॅलन्स क्वेरीला उत्तर "हो" यायला हवं.

बेळगाव_सातवं_सेम:
आलं सर! तीन स्टेट, "हो" मिळालं. पण लांब काउंटरएक्झाम्पल आलं तर टेबल उगाच फुगणार ना? वर `ttt` ची ओळ `ε` सारखीच आहे, नुसती जागा खाते.

उद्यमबाग_टेस्टिंग:
फुगतं, आणि प्रत्येक फालतू ओळीमागे तिच्या पुढच्या ओळीही भराव्या लागतात. रिव्हेस्ट आणि शापिरे यांनी 1993 मध्ये यावर उपाय दिला: काउंटरएक्झाम्पलमधून एकच कॉलम काढायचा. दोन स्टेटच्या अंदाजावर `ttt` चालव आणि जितका भाग वाचून झाला तितक्याच्या जागी अंदाजातल्या स्टेटचा प्रतिनिधी ठेव. एक अक्षर वाचलं: प्रतिनिधी `t`, उरलं `tt`, क्वेरी `ttt`, उत्तर 1. दोन अक्षरं वाचली: अंदाज अजून त्याच स्टेटमध्ये, प्रतिनिधी `t`, उरलं `t`, क्वेरी `tt`, उत्तर 0. उत्तर इथे पलटलं. म्हणून उरलेला `t` हाच नवा कॉलम. लांब शब्दात ही जागा बायनरी सर्चने सापडते. वर घ्यायची ओळ मग क्लोज्डची तपासणीच सुचवते, आणि वरच्या ओळी कायम वेगवेगळ्या राहतात.

एक ध्यानात ठेव. या पद्धतीत तेच काउंटरएक्झाम्पल पुन्हा आलं तर लगेच बग समजू नको, ते खरंच अजून चुकीचं असू शकतं. बघायचं ते स्टेटची संख्या. दर फेरीला ती किमान एकने वाढलीच पाहिजे. वाढली नाही तर कोड चुकलाय. मूळ मशीन `n` स्टेटचं असेल तर चुकीचे अंदाज `n-1` पेक्षा जास्त होऊच शकत नाहीत. हा `assert` आधी घातला असतास तर रात्रभर लॅपटॉप तापला नसता.

चिकोडीकर:
हां, `tt` खालीच राहिलेला माझ्या लक्षात आला नाही. पण रिव्ह्यूत गाईड विचारणारच, खऱ्या युनिटवर चालेल का?

बेळगाव_सातवं_सेम:
तेच विचारणार होते. खऱ्या मशीनला "माझा अंदाज बरोबर आहे का" कसं विचारायचं?

निपाणी_पाणी:
आमचं युनिट दोन टोकनं टाकून थांबलं की थोड्या वेळाने आपोआप दिवा हिरवा करतं. म्हाताऱ्या बाया कनवटीतून टोकन काढेपर्यंत पहिली दोन गेलेली असतात. हे तुमच्या कोडात हाय काय?

उद्यमबाग_टेस्टिंग:
@निपाणी_पाणी तक्रार म्हणून लिहिलंत, पण सगळ्यांत अवघड जागेवर बोट ठेवलंत. तिथे `ttt` भरभर टाकलं तर 1, सावकाश टाकलं तर 0. एकाच शब्दाला दोन उत्तरं आली की टेबल कितीही शिस्तीत भरा, अर्थ राहत नाही. टोकन न घेण्याचंही तसंच. म्हणून आधी काही शब्द मुद्दाम परत विचारून बघायचे, उत्तर बदललं तर शिकणं थांबवायचं. वेळेसाठी "वाट बघ" असं तिसरं अक्षर `w` घालता येतं, मात्र त्याची लांबी ठरलेली हवी. शिवाय प्रत्येक क्वेरीआधी मशीन खात्रीने शून्यावर आणावं लागतं.

इक्विव्हॅलन्सचं म्हणशील तर खऱ्या मशीनवर ती नुसती टेस्टिंग असते. रँडम शब्द टाकायचे किंवा चाऊ यांची 1978 ची डब्ल्यू-मेथड. त्यात जास्तीच्या स्टेट किती असतील हे आधी धरावं लागतं. समज `r` लागोपाठ पाच वेळा दाबला की सर्व्हिस मोड उघडतो. त्यासाठी पाच स्टेट जास्तीच्या धरल्या तर प्रत्येक माहीत स्टेटपासून सहा अक्षरांचे सगळे शब्द, म्हणजे 64, तीन स्टेटना 192, आणि प्रत्येकाला फरक ओळखणारी शेपटं. सिम्युलेटरवर चुटकीसरशी होईल. मशीनवर प्रत्येक शब्दाला टोकनं आणि कॅन.

बेळगाव_सातवं_सेम:
आणि पाचऐवजी नऊ वेळा दाबावं लागत असेल तर?

उद्यमबाग_टेस्टिंग:
मग 64 चा आकडा 1024 वर जातो, आणि नऊच का, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. मशीन बसवणाऱ्याकडे मॅन्युअल मिळालं तर बघ.

चिकोडीकर:
रँडम शब्दांत `r` चं प्रमाण वाढवलं तर?

उद्यमबाग_टेस्टिंग:
`r` वर संशय असेल तर उपयोग होईल. पण गुपित `trtrt` मध्ये असेल तर तोच बदल अंगाशी येईल. मी दोन्ही मिसळून चालवतो, खात्री मलाही नसते.