सप्तपदी म्हणजे ‘सेव्हन राउंड्स’? लग्नाच्या इंग्रजी कार्डावरून

नवरीचा भाऊ: ताईचं लग्न पुढच्या महिन्यात, मुलाकडचे पंजाबी. त्यांच्या पाहुण्यांसाठी छोटं इंग्रजी कार्ड छापतोय. मुहूर्त – ऑस्पिशस टाइम, सप्तपदी – सेव्हन राउंड्स अराउंड द फायर, कन्यादान – गिव्हिंग अवे द ब्राइड. ठीक आहे ना? उद्या प्रेसला द्यायचंय.

सोलापूरची मावशी: अजिबात देऊ नकोस! सप्तपदीत अग्नीभोवती कोणी फिरत नाही रे. फिरतात ते लाजाहोमात, आणि तिथे तर तूच उभा असणार आहेस, बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायला. तीनदा लाह्या, तीनदा प्रदक्षिणा, दर वेळी सहाणेवर पाय. सप्तपदी त्यानंतर. अग्नीच्या उत्तरेला तांदळाच्या सात छोट्या राशी मांडतात, नवरी एकेकीवर उजवं पाऊल ठेवत पुढे जाते. अन्नासाठी पहिलं, मग बळ, धन, सुख, संतती, ऋतू, आणि सातव्याला नवरा म्हणतो ‘सखा’ हो. हे ‘राउंड्स’मध्ये कुठे आलं?

माझ्या भाचीच्या लग्नात असंच कार्ड होतं. सासरकडचे लोक लाजाहोमाला बोटांवर फेरे मोजत बसले, तीनवर थांबल्यावर त्यांच्या आत्याबाई उठून गुरुजींना विचारायला गेल्या की चार का गाळले. त्या गडबडीत राशींवरची सप्तपदी झाली ती कुणी पाहिलीच नाही, फोटोग्राफरनेसुद्धा नाही. भाची अजून हळहळते.

दिल्लीत पंधरा वर्षं: मावशी, एवढं काय चिडायचं. इकडे सगळे सात फेरेच म्हणतात, आणि कायद्यातही सात फेरे झाल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. पाहुण्यांना कळलं म्हणजे झालं.

सोलापूरची मावशी: कायदा वाचून बोला. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 7. त्यात पावलं म्हटलंय, अग्नीसमोर वरवधूंनी मिळून टाकलेली सात पावलं, सातवं पडलं की लग्न पूर्ण. आणि तेही ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांच्यासाठी, सगळ्यांना सरसकट नाही.

दिल्लीत पंधरा वर्षं: बरं, पावलं. मान्य. पण पंजाब्यांना ‘फेरे’ हा शब्द ओळखीचा आहे, तो अजिबात वापरू नका म्हणणं मला पटत नाही.

वेळेवर आलेला: मुहूर्ताचं काय ते लिहा आधी! माझ्या लग्नात मुहूर्त 12:37 चा आणि 12:50 ला मामा पाचवं मंगलाष्टक आळवत होते, सगळ्या आत्या-काकूंनी आपापलं रचून आणलेलं. हातात हार धरून खांदे भरून आले. ‘ऑस्पिशस टाइम’ म्हटलं की पाहुणे त्या वेळेला हॉलवर पोचतात. अंतरपाट दूर होतो ते मिनिट म्हणजे मुहूर्त, असं लिहा आणि पंधरा मिनिटं आधी बसायला सांगा. अक्षतांचंही सांगा, दर ‘सावधान’ला थोड्या थोड्या टाकायच्या. आमच्याकडच्या गुजराती पाहुण्यांनी पहिल्याच कडव्याला मूठ रिकामी केली, मग नुसतेच उभे.

कन्यादान नको: तुम्ही सगळे फेरे मोजा. तिसऱ्या शब्दावर कुणी का बोलत नाही? माझ्या बाबांनी माझ्या हातावर पाणी सोडलं तेव्हा मी नोकरी करून त्यांचं घराचं कर्ज फेडत होते, आणि दान माझं! इंग्रजीत लिहिल्यावर टोचतं म्हणून शब्द बदलू नका. विधीच गाळा, मी मुलीच्या लग्नात गाळणार.

निवृत्त शिक्षक: ताई, तुमचा राग समजतो. पण त्या विधीत नवऱ्याला बांधून घेतात तेही बघा. धर्मात, अर्थात, कामात हिला डावलणार नाही, ‘नातिचरामि’, असं त्याच्याकडून वदवून घेतात. ‘गिव्हिंग अवे’ हे तर चर्चमधलं, त्यात हे वचन कुठेच येत नाही.

कन्यादान नको: वचन द्यायला आधी दान कशाला? नुसतं वचन घ्या की.

निवृत्त शिक्षक: संकल्पातच ‘तुभ्यं संप्रददे’ आहे, तुला देतो असा. ते मी नाकारत नाही. पण म्हणून सगळंच टाकून द्यायचं?

कन्यादान नको: हो! तेवढंच तर टाकायचंय. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पुरोहित स्त्रिया लग्नं लावतात, प्रत्येक विधीचा अर्थ सांगतात, तिथे कुणाला परकं वाटत नाही. हे कार्डबिर्ड लागतच नाही.

दिल्लीत पंधरा वर्षं: म्हणजे प्रश्न कार्डाचा होता आणि आपण त्याच्या ताईचं लग्नच बदलायला निघालो.

कन्यादान नको: ताईला कुणी विचारलंय का?

नवरीचा भाऊ: नाही विचारलं. प्रेसला दोन दिवस थांबायला सांगितलंय. मुहूर्ताला ‘द मिनिट द कर्टन कम्स डाउन, प्लीज बी सीटेड फिफ्टीन मिनिट्स अर्लिअर’ लिहिलं. सप्तपदीला ‘सेव्हन स्टेप्स ऑन सेव्हन हीप्स ऑफ राइस, द लास्ट वन फॉर फ्रेंडशिप’, आणि त्याच्या वर लाजाहोमाची वेगळी ओळ, थ्री राउंड्सची. फोटोग्राफरलाही राशींपाशी उभं राहायला सांगतो. कन्यादानाची ओळ कोरी ठेवलीय, ताई ऑफिसातून आली की तिलाच विचारतो.